आखूड चेंडू: पुल कधी, हूक कधी आणि सोडायचा कधी

नेटमध्ये पुल सुरेख मारणारे बरेच फलंदाज सामन्यात त्याच फटक्यावर डीप स्क्वेअर लेगच्या हातात झेल देऊन परततात. मग पुढच्या आठवड्यात नेटमध्ये आणखी शंभर पुल मारले जातात. त्याने फरक पडत नाही, कारण बहुतेकदा फटक्याचं तंत्र ठीक असतं, चेंडू चुकीचा निवडलेला असतो. खांद्याच्या वर गेलेला चेंडू पुल करायला जाणं, ऑफ स्टंपच्या बाहेरचा चेंडू ओढून आणणं, फटका आधीच ठरवून ठेवणं, या तीन चुकांवर सगळ्यात जास्त विकेट जातात. म्हणून या लेखात चेंडू सोडणं आधी आहे, पुल नंतर आणि हूक सगळ्यात शेवटी. शिकतानाही हाच क्रम ठेवा.

लेखातली सगळी वर्णनं उजव्या हाताच्या फलंदाजासाठी आहेत. डावखुऱ्यांनी बाजू उलट धराव्यात.

## १. बॅट हातात घेण्याआधी

हेल्मेट घालून मान जोरात डावी-उजवीकडे हलवा. हेल्मेट डोक्याबरोबर फिरायला हवं, मागे राहायला नको. मग समोरची फट तपासा. वरचं टोक आणि ग्रिल यांच्यामधून ज्या चेंडूने खेळणार आहात तो आत जाता कामा नये. बरेच जण चेंडू नीट दिसावा म्हणून ग्रिल खाली वाकवतात. हूक हुकला की चेंडू नेमका त्याच फटीतून गालावर येतो.

मानेचं संरक्षक कवच वेगळं मिळतं, ते लावून घ्या. 2014 साली सिडनीत फिल ह्यूजला उसळता चेंडू हेल्मेटच्या खाली, मानेवर लागला आणि दोन दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. आखूड चेंडूवर फटका मारताना शरीर वळतं आणि नेमका तोच भाग उघडा पडतो.

तपासा: हेल्मेटवर आधी जोरदार चेंडू बसलेला असेल तर बाहेरून तडा दिसत नसला तरी ते बदला.

## २. खेळपट्टीची उसळी आधी मोजा

आत जाण्याआधी बसल्या जागी एक काम करता येतं. यष्टिरक्षक चेंडू कुठे घेतोय ते पाहा. वेगवान गोलंदाजाचा आखूड चेंडू तो छातीपाशी, बोटं वर करून घेत असेल तर उसळी चांगली आणि सारखी आहे. तोच चेंडू त्याला गुडघ्यापाशी वाकून घ्यावा लागत असेल, किंवा एक छातीवर आणि दुसरा घोट्यापाशी येत असेल, तर आज पुल हा धोक्याचा फटका आहे.

संथ खेळपट्टीवर लोक वेगळ्याच प्रकारे फसतात. चेंडू आखूड दिसतो, फलंदाज जोरात बॅट फिरवतो, पण टप्पा पडल्यावर चेंडू थांबून येतो. बॅट आधीच पुढे गेलेली असते आणि मिडविकेटला किंवा मिडऑनला सोपा झेल जातो. अशा खेळपट्टीवर पुल करायचाच असेल तर चेंडू जास्त जवळ येऊ द्या आणि निम्म्या जोराने खेळा.

## ३. चेंडू आखूड आहे हे हातातून ओळखा

130 किमी वेगाचा चेंडू हातातून सुटल्यावर तुमच्यापर्यंत यायला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. टप्पा पडल्यानंतर उरतो तो साधारण पाव सेकंद. टप्पा कुठे पडला ते पाहून ठरवायला गेलात तर उशीर होतो, त्यामुळे सुगावा हातातूनच लागला पाहिजे.

पुढे पडणारा चेंडू गोलंदाज थोडा लवकर सोडतो. तो सुटल्याबरोबर किंचित वर जातो, किंवा निदान तुमच्या नजरेच्या रेषेत राहतो. आखूड चेंडू उशिरा सुटतो आणि हातातून निघाल्याबरोबर खालच्या दिशेने जाताना दिसतो. नजर गोलंदाजाच्या चेहऱ्यावर किंवा पूर्ण अंगावर ठेवू नका. शेवटच्या दोन पावलांत ती हात ज्या जागी वर येणार तिथे न्या. त्या छोट्या जागेकडे पाहायची सवय लागली की "खाली जाणारा" चेंडू वेगळा दिसू लागतो.

इतर खुणाही असतात. धाव नेहमीपेक्षा जोराची असते, उडी उंच असते, चेंडू सोडताना डोकं एका बाजूला झुकतं. त्यांचा उपयोग सावध होण्यापुरताच करा. चांगला गोलंदाज हाच सगळा आव आणून यॉर्कर टाकतो.

## ४. पहिली हालचाल सगळ्यांसाठी एकच ठेवा

पूर्ण लेखातली ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. पुल, हूक, खाली बसणं आणि शरीर मागे काढणं या चारही गोष्टींची सुरुवात एकाच हालचालीने झाली पाहिजे. मागचा पाय मागे आणि ऑफ स्टंपकडे जातो, डोकं स्थिर राहतं, हात उंच राहतात. इथपर्यंत काहीही ठरलेलं नसतं. चेंडूची उंची आणि रेषा दिसल्यावर पुढचं ठरतं.

बहुतेक फलंदाज या जागी दोनपैकी एक चूक करतात. काही जण पुढच्या पायावर जातात आणि तिथूनच बॅट फिरवतात. मग वजन पुढे अडकतं आणि चेंडूखाली शिरायलाही जागा उरत नाही. पुढच्या पायावरून पुल मारणारे मोठे फलंदाज आहेत, पण त्यांना चेंडू फार लवकर दिसतो. त्यांची नक्कल आत्ता नको. दुसरे फलंदाज मागे जातात ते लेग स्टंपच्या बाहेर. अंगापासून चेंडू दूर ठेवायचा हेतू असतो, पण डोकं चेंडूच्या रेषेपासून लांब जातं आणि बॅटचं टोक तेवढं लागतं.

तपासा: मागचा पाय किती खोल जातो ते मोबाइलवर चित्रित करून पाहा. पॉपिंग क्रीज यष्ट्यांच्या 4 फूट पुढे असते. टाच यष्ट्यांपासून एक वीतभर अंतरावर येत असेल तर हूकच्या वळणात बॅट किंवा पाय यष्ट्यांना लागून हिट विकेट होण्याची भीती आहे. गार्ड थोडा पुढे घ्या.

## ५. निर्णय: उंची आधी, रेषा नंतर

चेंडू तुमच्यापर्यंत येईल तेव्हा तो तुमच्या हातांच्या खाली असेल की वर, हा एकच प्रश्न आधी सोडवायचा. हात छातीच्या उंचीवर आहेत असं धरा. चेंडू हातांच्या खाली असेल तर बॅट वरून त्याच्यावर आणता येते, म्हणजे फटका जमिनीवर ठेवता येतो. चेंडू हातांच्या वर असेल तर बॅट खालून वर जाते आणि कितीही चांगला लागला तरी चेंडू हवेत जाणार. हूक हा मुळातच हवेतला फटका आहे, आणि तो मारताना हे मनाशी कबूल असलं पाहिजे.

त्यानंतर रेषा. चेंडू मधल्या यष्टीवर किंवा लेगच्या बाजूला असेल आणि हातांच्या खाली असेल, तर पुल. ऑफ स्टंपच्या बाहेर असेल तर पुल नाही. तो कंबरेच्या उंचीवर आला तर कट आहे, आणि त्याहून उंच असेल तर सोडायचा. बाहेरचा चेंडू आडव्या बॅटने लेगला ओढताना बॅटचा वरचा काठ लागतो, किंवा खालचा काठ लागून चेंडू यष्ट्यांवर येतो.

डोळ्यांच्या वर जाणारा चेंडू सोडायचा, रेषा कुठलीही असो. मी शिकवताना या नियमाला अपवाद ठेवत नाही. तिथे चेंडूकडे पाहताना मान मागे जाते, तोल टाचांवर येतो आणि बॅट नीट कुठे लागेल यावर ताबा राहत नाही.

नवीन असाल, म्हणजे डावातले पहिले वीसेक चेंडू, तर रेषा आणखी घट्ट ओढा. तेव्हा छातीच्या वरचं सगळं सोडायचं.

सावधान: "हा आता बाऊन्सरच टाकणार" असं मनात आलं की फटकाही मनात ठरून जातो. अंदाज बांधायला हरकत नाही, पण त्याचा उपयोग सोडायच्या तयारीसाठी करा, मारायच्या तयारीसाठी नाही.

## ६. सोडायचं कसं

चेंडू सोडण्याचे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही वेगळ्या चेंडूंसाठी आहेत.

खाली बसणं. डोक्याच्या उंचीचा, अंगावर किंवा लेगला येणारा चेंडू असेल तर गुडघ्यांत वाका. कंबरेत वाकलात तर डोकं चेंडूच्या दिशेने पुढे जातं. नजर चेंडूवरच राहिली पाहिजे, तो डोक्यावरून जाईपर्यंत. मान खाली घालून डोळे मिटणारा फलंदाज, चेंडू अपेक्षेइतका उसळला नाही तर हेल्मेटच्या मागच्या बाजूला मार खातो. पाठ फिरवणं त्याहून वाईट आहे.

बसताना हात कुठे आहेत याकडे फार कमी लोक लक्ष देतात. शरीर खाली जातं पण बॅट आणि ग्लोव्ह वरच राहतात. चेंडू ग्लोव्हला लागतो आणि यष्टिरक्षकाच्या हातात जातो. बॅट धरलेल्या हाताचा ग्लोव्ह नियमानुसार बॅटचाच भाग आहे, म्हणून तो झेल बाद ठरतो. बसताना हात आधी खाली, मग शरीर, हा क्रम सरावात बसवा.

शरीर मागे काढणं. छाती ते हनुवटीच्या उंचीचा, ऑफ स्टंपवर किंवा थोडा बाहेर येणारा चेंडू असेल तर बसायला वेळ नसतो. अशा वेळी मागच्या पायावर वजन घेऊन पाठीला किंचित मागे कमान द्या, हनुवटी मागे घ्या आणि हात खाली सोडा. चेंडू नाकासमोरून जाताना दिसला पाहिजे. पाय जागचे हलत नाहीत.

अवघड चेंडू एकच आहे: गळ्याच्या उंचीवर, थेट अंगावर येणारा. तो मारायचाही नसतो आणि त्याच्याखाली सहज बसताही येत नाही. त्याला हात सैल ठेवून मागच्या पायावर उभं राहायचं. चेंडू बॅटच्या वरच्या भागावर घ्यावा लागला तर खालच्या हाताची पकड सोडा, म्हणजे तो पायापाशी मरतो. नाहीच जमलं तर छातीवर घ्यावा. छातीवरचा वळ आठवड्याभरात जातो.

## ७. पुल

मागचा पाय मागे आणि ऑफ स्टंपकडे गेला. आता पुढचा पाय लेगच्या बाजूला उघडा, म्हणजे छाती जवळपास गोलंदाजाकडे वळते आणि हातांना मोकळी वाट मिळते. हे केलं नाही तर कोपर बरगड्यांत अडकतं आणि फटका खेचल्यासारखा होतो.

बॅट उंचावरून निघून चेंडूच्या वरच्या अर्ध्या भागावर यायला हवी. चेंडू शरीरासमोर, हात जवळपास पूर्ण लांबवलेले असताना लागला पाहिजे. त्या क्षणी वजन मागच्या पायावरून पुढच्या पायाकडे येतं. वजन मागेच राहिलं की बॅटचं पातं वर उघडतं आणि चेंडू उडतो. झेल गेल्यावर फलंदाज "मनगट फिरवलं नाही" म्हणतो, पण खरा दोष बहुधा वजनात असतो.

मनगट चेंडू लागताना आणि लगेच नंतर फिरतं. लागण्याआधी फिरवलंत तर पातं बंद होतं आणि पुढचा काठ लागून चेंडू समोर वर जातो. फटका मिडविकेट ते स्क्वेअर लेग या पट्ट्यात खेळायचा. सुरुवातीला जोर सत्तर टक्के ठेवा, आखूड चेंडूला वेग गोलंदाजाने दिलेलाच असतो.

तपासा: फटका संपल्यावर तुम्ही उभे आहात की लेगच्या बाजूला कोलमडलात? कोलमडत असाल तर डोकं चेंडूच्या आधी वळतंय.

## ८. हूक, आणि त्याआधी क्षेत्ररक्षण मोजणं

नियमानुसार चेंडू टाकताना लेगच्या बाजूला, पॉपिंग क्रीजच्या मागे, यष्टिरक्षक सोडून दोनच क्षेत्ररक्षक असू शकतात. हूक नेमका त्याच भागात जातो. म्हणून प्रत्येक चेंडूआधी स्क्वेअर लेगच्या मागे कोण आहे ते पाहा. फाइन लेग आणि डीप स्क्वेअर लेग दोघेही सीमेवर असतील तर गोलंदाजाला तो फटका तुमच्याकडून हवा आहे. एकच माणूस सीमेवर असेल आणि दुसरा जवळ असेल तर मोकळी बाजू कुठली ते ठरवता येतं.

फटक्यात मागचा पाय पुलपेक्षा थोडा जास्त आत जातो, म्हणजे डोकं चेंडूच्या रेषेच्या ऑफच्या बाजूला येतं. फटका हुकला तर चेंडू डाव्या खांद्यावरून निघून जावा, चेहऱ्यावर येऊ नये, यासाठीच हे आहे. मागच्या पायाच्या चवड्यावर शरीर वळतं आणि चेंडू चेहऱ्यासमोर, किंचित डावीकडे लागतो. जोर लावायचा नाही, चेंडूच्या वेगालाच दिशा द्यायची.

हूक सगळ्यांनी खेळलाच पाहिजे असं नाही. स्टीव्ह वॉने तो जवळजवळ सोडून दिला आणि 10,000 हून अधिक कसोटी धावा केल्या.

## ९. एक षटक, चेंडूगणिक

समजा दोन दिवसांचा सामना आहे, 74 वर 2 बाद, तुम्ही 18 वर खेळताय. उसळी सारखी आहे. उजव्या हाताचा वेगवान गोलंदाज तुमच्याकडून पाहता यष्ट्यांच्या उजव्या बाजूने, म्हणजे ओव्हर द विकेट टाकतोय. सामन्याच्या नियमात षटकाला खांद्यावरचे दोनच चेंडू चालतात, कसोटीत असतात तसे. तुमच्या स्पर्धेचा नियम वेगळा असू शकतो, तो सामन्याआधी पंचांना विचारून घ्या.

पहिले दोन चेंडू ऑफ स्टंपवर, चांगल्या टप्प्यावर. तुम्ही खेळून काढले. आता कर्णधार स्क्वेअर लेगला मागे सीमेवर पाठवतो, क्रीजच्या थोडा मागे. फाइन लेग आधीच सीमेवर आहे. मागचे दोघे पूर्ण झाले, हूक बंद. हे तुम्ही गार्ड घेण्याआधी ठरवता.

तिसरा चेंडू डोक्याच्या उंचीवर, लेग स्टंपवर. हात खाली, गुडघ्यांत वाकून सोडला. खांद्यावरचा एक झाला असं पंच सांगतात.

चौथा चेंडू पुन्हा आखूड, पण इतका आखूड नाही. छातीच्या खाली, मधल्या यष्टीवर. हातांच्या खाली आहे, रेषा योग्य आहे, आणि स्क्वेअर लेगचा माणूस मागे गेल्याने स्क्वेअरच्या पुढे जागा आहे. इथे पुल. जमिनीवर, मिडविकेट आणि डीप स्क्वेअर लेगच्या मधून, दोन धावा. जोर लावून चौकार शोधला असता तर त्याच फटक्यात डीप स्क्वेअर लेग खेळात आला असता.

पाचवा चेंडू खांद्याच्या वर, ऑफ स्टंपच्या बाहेर. नुकत्याच मिळालेल्या दोन धावांमुळे हात आपसूक पुढे येतात, आणि सापळा हाच असतो. पाठीला कमान, हात खाली, सोडला. खांद्यावरचे दोन झाले.

आता सहावा चेंडू खांद्याच्या वर टाकला तर नोबॉल. तो बहुधा पुढे, यष्ट्यांवर येणार. मागच्या पायावर अडकलेला फलंदाज इथे पायचीत होतो. म्हणून या चेंडूआधी क्रीजमधून थोडं बाजूला जा, श्वास घ्या आणि पुन्हा समतोल उभे राहा. सहा चेंडूंत तीन आखूड आले, त्यातला एकच मारला.

## १०. सराव

सरावाची सुरुवात टेनिस बॉलने करा. सोबत्याला 12 ते 14 मीटरवरून कडक जमिनीवर आपटून टाकायला सांगा. पहिले तीस चेंडू फक्त सोडायचे, बॅट फिरवायची नाही. चेंडू सुटल्याबरोबर मोठ्याने "खाली" किंवा "वर" म्हणायचं, म्हणजे हातांच्या खाली येणार की वर. उंची दहापैकी आठ वेळा बरोबर सांगता आली की पुढे जा.

मग "खाली" म्हटलेल्या चेंडूंवरच पुल, "वर" म्हटलेले सोडून द्यायचे. त्यानंतर कठीण चेंडू, साइडआर्मने, आधी कमी वेगाने. या टप्प्यावर सोबत्याने न सांगता अधूनमधून पुढे पडणारे चेंडू मिसळलेच पाहिजेत. फक्त आखूड चेंडूंवर सराव झाला की फलंदाज मागच्या पायावरच राहायला शिकतो, आणि सामन्यात त्याचा पहिला यॉर्कर यष्ट्या घेऊन जातो.

हूक शेवटी, आणि फक्त टेनिस बॉलवर, जोपर्यंत हुकलेला प्रत्येक चेंडू डाव्या खांद्यावरून जात नाही तोपर्यंत.

## ११. चेंडू डोक्याला लागला तर

थांबा. हेल्मेट काढून बसा आणि जवळच्याला चार साधे प्रश्न विचारायला सांगा: धावसंख्या किती, गोलंदाज कोण, आपण कुठे आहोत, आधीचा चेंडू काय झाला. उत्तर अडखळलं, डोकं दुखायला लागलं, मळमळलं, दिसायला अंधुक झालं किंवा उजेड सहन होईना, तर त्या दिवशी पुन्हा खेळायचं नाही आणि डॉक्टरांकडे जायचं. काहीच जाणवलं नाही तरी पुढचे 24 तास एकटे राहू नका, कारण लक्षणं उशिराही दिसतात. उलट्या, वाढती डोकेदुखी किंवा गुंगी आली तर लगेच रुग्णालय गाठा. ते हेल्मेट पुन्हा वापरू नका.